एकशे चौऱ्याण्णव रुपये

कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यात एखाद्या सुट्या भागाचा प्रवास नकाशावर काढला तर रेघांचं जाळंच होईल. ओतकाम शिरोलीत, मशीनिंग गोकुळ शिरगावात, रंग आणखी तिसरीकडे आणि जोडणी कागलच्या पंचतारांकित वसाहतीत. पुणे-बंगळूर महामार्गावर दिवसभर धावणाऱ्या छोट्या टेम्पोंमध्ये अर्धवट झालेला माल असतो. एका कारखान्याचं काम संपलेलं असतं, दुसऱ्याचं सुरू व्हायचं असतं. या फेऱ्या बघितल्या की प्रत्येक मालकाच्या मनात कधी ना कधी एक विचार येतोच: हे काम बाहेर देण्यापेक्षा आपणच मशीन घेतलं तर?

त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी कागदाच्या एका तुकड्यावर काढलं जातं. बाहेरचा दर डावीकडे, आपला खर्च उजवीकडे, वजाबाकी खाली. ही वजाबाकी कुठे फसते आणि तिच्या जागी काय मांडायचं, ते पाहण्यासाठी एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवू. यातला पंपांचा कारखाना कुणा एकाचा नाही आणि त्यातली माणसंही मांडणीपुरती आहेत. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. कराचे आणि घसाऱ्याचे दर मात्र खरे आहेत.

भाग कोणता, काम कोणतं

भाग आहे पंपाचं बेअरिंग हाऊसिंग. बिडाचं ओतीव, हातात धरण्याएवढं. फाउंड्रीतून ते खडबडीत येतं. टर्निंग सेंटरवर त्याचा मधला बोअर आणि तोंडं होतात, मग व्हीएमसीवर बोल्टांची भोकं आणि आटे. यातला नाजूक भाग म्हणजे बोअर. ६३०६ नंबरचं बेअरिंग बसायचं तर बोअर ७२ मिलिमीटरचा लागतो, आणि एच-सेव्हन फिट म्हणजे ७२ च्या वर जास्तीत जास्त ३० मायक्रॉन, खाली शून्य. तपासणारा माणूस प्लग गेजचं ‘गो’ टोक आत घालतो, ते सरकलं पाहिजे. ‘नो-गो’ टोक लावतो, ते अडलं पाहिजे. बोअर सैल झाला तर बेअरिंगची बाहेरची कडी त्यात फिरायला लागते आणि तक्रार थेट शेतातल्या विहिरीवरून येते.

कारखान्याला वर्षाला १८,००० हाऊसिंग लागतात. ओतीव कारखान्याचंच असतं, जॉबवर्कवाला फक्त मशीनिंग करतो. त्याचा दर नगाला १८० रुपये. हा दर त्याने हवेतून काढलेला नाही. टर्निंगला ६ मिनिटं, तासाला ४५० रुपयांनी ४५ रुपये. व्हीएमसीला ९ मिनिटं, तासाला ६०० रुपयांनी ९० रुपये. इन्सर्ट, ड्रिल, टॅप आणि कूलंटचे २३. उरलेल्या २२ मध्ये तपासणी, त्याच्या हातून बिघडणारे नग आणि नफा. जॉबवर्कचा दर असा मशीनच्या तासांवर बसवलेला असतो. खरेदी खात्याला ही फोड माहीत असेल तर पुढची बरीच बोलणी सोपी जातात.

अकाउंटंटचा कागद

मालकांनी दोन्ही मशीनची कोटेशनं मागवली. टर्निंग सेंटर आणि व्हीएमसी मिळून ६६ लाख. फिक्स्चर, टूलहोल्डर आणि गेज ७ लाख. फाउंडेशन, वीजजोडणी आणि हवेची लाइन ३ लाख. एकूण ७६ लाख. यावरचा जीएसटी वेगळा भरावा लागेल, पण त्याचं क्रेडिट मिळणार असल्याने तो धरलेला नाही.

अकाउंटंटने नगामागचा खर्च काढला. दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर, एक सेटर, तपासणीच्या माणसाचा काही वेळ, शिवाय देखभाल आणि विमा मिळून वर्षाला १४ लाख, म्हणजे नगाला ७८ रुपये. टूल आणि वीज ४० रुपये. मशीन आठ वर्षांनी १४ लाखांना विकलं जाईल असं धरून उरलेल्या ६२ लाखांचा घसारा आठ वर्षांत वाटला तर नगाला ४३ रुपये. बेरीज १६१. यातून बोरिंगच्या भंगाराचे १० रुपये वजा. नगामागे साधारण चारशे ग्रॅम कीस निघतो. काम बाहेर असताना तो जॉबवर्कवाल्याकडेच राहतो आणि त्याची आठवण कुणाला होत नाही. म्हणजे घरचा खर्च १५१.

बाहेरचा दर १८०, वर टेम्पो आणि आल्यावरची तपासणी मिळून ६. एकूण १८६. नगाला ३५ रुपये वाचले, वर्षाला ६ लाख ३० हजार. कागदाच्या तळाशी लिहिलं गेलं: ‘मशीन घ्यावं.’

या कागदात बेरजेची चूक एकही नाही. त्यात एक खर्च आलेलाच नाही. घसाऱ्याचे ४३ रुपये मशीनची किंमत आठ वर्षांत परत आणतात, पण तोवर तो पैसा अडकून राहिला त्याचं भाडं कुणी लावलेलं नाही. मालकांना आपल्या पैशावर वर्षाला १४ टक्के सुटायला हवेत असं धरलं, तर ७६ लाखांवर पहिल्याच वर्षी साडेदहा लाखांहून अधिक होतात. वाचणार आहेत सव्वासहा लाख.

उद्याचा रुपया आजच्या भावात

यावर उपाय म्हणजे घसारा बाजूला ठेवून फक्त रोख पैसा मोजायचा, आणि तो ज्या वर्षी हातात पडेल त्या वर्षाप्रमाणे आजच्या भावात आणायचा. १४ टक्क्यांनी आज गुंतवलेले ५२ हजार पाच वर्षांनी एक लाख होतात. म्हणून पाच वर्षांनी मिळणारा लाख आज ५२ हजारांचाच धरायचा. आठव्या वर्षाचा लाख आज ३५ हजार. यालाच वर्तमान मूल्य म्हणतात.

गणितापेक्षा अवघड असतं ते कोणता पैसा मोजायचा आणि कोणता नाही, हे ठरवणं. कसोटी एकच: या निर्णयामुळे जो रुपया बदलतो तोच हिशेबात येतो. वर्क्स मॅनेजरचा पगार मशीन आलं तरी तेवढाच राहणार, म्हणून त्याचा वाटा धरायचा नाही. शेडमधली जागा रिकामी पडून असेल तर तिची किंमत शून्य, पण ती भाड्याने जाणार असेल तर बुडणारं भाडं धरायलाच हवं. बँकेचा हप्ता अजिबात धरायचा नाही, कारण मशीनची पूर्ण किंमत आज गेली असं आपण मांडतो आणि व्याजाची भरपाई १४ टक्क्यांतून होते. दोन्ही धरले तर तोच खर्च दोनदा लागतो. मशीन महाग ठरवायचं असेल तेव्हा हप्ता धरायचा आणि स्वस्त ठरवायचं असेल तेव्हा विसरायचा, हे मीटिंगमध्ये नेहमीचं आहे.

एक खर्च मात्र सहज निसटतो. जॉबवर्कवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत चुकली तर व्याज लागतं. शिवाय २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून असं थकलेलं बिल प्रत्यक्ष फेडेपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजाही मिळत नाही. पूर्वी काही ठिकाणी चालणारी तीन-तीन महिन्यांची उधारी त्यामुळे हिशेबात धरता येत नाही. तरी ४५ दिवस उरतातच. वर्षाच्या ३२ लाख ४० हजारांच्या बिलावर ते ४ लाख रुपये होतात, आणि हे ४ लाख जॉबवर्कवाल्याचे आपल्याकडे कायम फिरत असतात. काम घरी आणलं की ते आपल्या खिशातून घालावे लागतील. म्हणून गुंतवणूक ७६ लाखांऐवजी ८० लाख.

आता वर्षाची बचत. घरी केलं तर बाहेरचे १८६ वाचतात आणि किसाचे १० मिळतात, एकूण १९६. त्यातून टूल आणि विजेचे ४० गेले, राहिले १५६. १८,००० नगांचे २८ लाख ८ हजार. त्यातून पगार-देखभालीचे १४ लाख गेले की उरतात १४ लाख ८ हजार. नव्या पद्धतीतला कंपनी कर अधिभार आणि उपकरासह २५.१७ टक्के आहे. तो गेल्यावर साडेदहा लाख.

पुढच्या वर्षांत जॉबवर्कचा दर वाढेल आणि पगारही वाढतील. एकच वाढवला आणि दुसरा तसाच ठेवला तर हवं ते उत्तर काढता येतं. म्हणून दोन्हीकडे वर्षाला ४ टक्के धरू. आठ वर्षांची करोत्तर बचत कागदावर ९७ लाख होते, आजच्या भावात ५५ लाख. घसारा रोख नसला तरी त्यामुळे कर वाचतो. यंत्रसामग्रीवर आयकरात उरलेल्या किमतीच्या १५ टक्के दराने घसारा मिळतो, त्यातून वाचणाऱ्या कराचे आजचे ९ लाख. शेवटी मशीन विकून येणारे १४ लाख आणि मोकळे होणारे ४ लाख, या १८ लाखांचे आजचे ६ लाख.

बेरीज ७० लाख. आज घालायचे ८० लाख. अकाउंटंटच्या कागदावर वर्षाला सव्वासहा लाख वाचवणारं मशीन आजच्या भावात १० लाखांनी तोट्यात जातं.

टक्का कुणाचा?

मालकांचा आक्षेप ठरलेला असतो. ‘बँक मला साडेदहा टक्क्यांनी देते, मग तुम्ही १४ कुठून आणलेत?’ आक्षेप बिनबुडाचा नाही. हाच हिशेब १० टक्क्यांनी केला तर बेरीज ८२ लाखांवर जाते आणि उत्तर उलटतं. चार टक्क्यांवर निकाल फिरत असेल तर ते चार टक्के कुठून आले हे पाहायलाच हवं.

बँक कमी टक्क्यांनी देते कारण मागे तारण आहे आणि मशीन रिकामं बसलं तरी हप्ता तिला मिळणारच आहे. नगांची संख्या घसरली तर तोटा मालकांचा. या कारखान्यात शंभरातले ६० रुपये मालकांचे आणि ४० बँकेचे धरले आहेत. मालकांना धंद्यातल्या जोखमीपोटी १८ टक्के हवेत. बँकेचे साडेदहा, करसवलत वजा जाता पावणेआठच्या थोडे वर. दोन्हींची भारित सरासरी १४ च्या जवळ येते. एखादं मशीन पूर्ण कर्जावर घेतलं म्हणून त्याला बँकेचा दर लावता येत नाही, कारण त्या कर्जाने पुढच्या मशीनची कर्ज घेण्याची ऐपत खाऊन टाकलेली असते.

प्रश्न उलटा विचारला की

इथवर आलेले बरेच लोक वजा १० लाख बघून फाइल बंद करतात. खरं तर कामाचा भाग इथून पुढे आहे. ‘मशीन परवडतं का?’ याऐवजी ‘कोणत्या दराला दोन्ही पारडी समान होतात?’ असं विचारायचं. जॉबवर्कचा दर एका रुपयाने वाढला की वर्षाला १८ हजारांची बचत वाढते, आणि कर कापून आठ वर्षांचा आजचा भाव काढला तर ७० हजार. गोल न करता तूट ९ लाख ६० हजारांची आहे, ती भरून निघायला दर जवळपास १४ रुपयांनी वाढावा लागेल. म्हणजे १९४.

हा आकडा खिशात असलेला माणूस बोलणी वेगळी करतो. जॉबवर्कवाल्याने इन्सर्टचे भाव वाढले म्हणून ६ रुपये मागितले तर ‘मग आम्हीच मशीन घेतो’ अशी धमकी देण्यात अर्थ नाही. ती पोकळ आहे आणि स्वतः मशीनच्या तासांवर जगणाऱ्या माणसाला ती पोकळ असल्याचं लगेच कळतं. त्याने २०० मागितले तर मात्र कोटेशनं खरोखर टेबलावर ठेवता येतात. शिवाय १८० आणि १९४ मधले १४ रुपये हे दोघांनी मिळून वाटून घ्यायचे आहेत. माल वेळेवर आणि बोअर मापात देणाऱ्याला त्यातले चार-पाच देणं तोट्याचं ठरत नाही.

दुसरं पारडं नगांचं. दर १८० च राहिला आणि संख्या वाढली तर समतोल १९,६०० वर येतो. आजच्या मागणीपेक्षा फक्त नऊ टक्के जास्त. २२,००० नग असतील तर मशीन १५ लाखांच्या फायद्यात. १४,००० वर घसरले तर ३४ लाखांच्या तोट्यात. टक्क्यांवर कितीही वाद घातला तरी या निर्णयाचा लगाम नगांच्या हातात आहे, कारण १४ लाखांचा स्थिर खर्च आणि ८० लाखांची गुंतवणूक संख्येबरोबर कमी होत नाहीत. जॉबवर्कवाल्याला नग कमी दिले तर बिल कमी येतं. स्वतःच्या मशीनला कमी दिले तर ते फक्त उभं राहतं.

इथे विक्रीखात्याचा अंदाज लागतो, आणि मशीन घ्यायचं मनाने ठरलेलं असलं की तो अंदाज हमखास फुगतो. त्याचा एक सोपा ताळा आहे: मागच्या तीन वर्षांचे अंदाज काढायचे आणि प्रत्यक्ष विक्रीशेजारी लिहायचे. दुसरा फुगवटा रिकाम्या तासांचा. १८,००० नगांना व्हीएमसीचे २,७०० तास लागतात. दोन पाळ्या, ३०० दिवस आणि ८० टक्के वापर धरला तर हाती ३,८४० तास असतात. उरलेल्या तासांत ‘बाहेरचं काम घेऊ’ असं म्हटलं जातं. ते काम आणणारा माणूस आणि गिऱ्हाइकाचं नाव कागदावर असेल तरच ते पैसे धरावेत. नाहीतर पंपवाला स्वतःच जॉबवर्कच्या धंद्यात उतरतो आणि त्याच्यासमोर उभा असतो आजचाच पुरवठादार.

सुरुवातीचे महिने कुणी धरत नाही. फिक्स्चर बसायला, प्रोग्रॅम घासूनपुसून घ्यायला, सेटर टिकायला वेळ लागतो. तोवर काही नग बाहेरूनच करून घ्यावे लागतात. पहिल्या वर्षी ठरलेल्याच्या निम्मीच बचत झाली तर आजच्या भावात आणखी साडेचार लाख जातात आणि तूट १४ लाखांवर पोचते. शिवाय घरी आणल्याने ओतिवाचं भांडण मिटत नाही. बोअर निघाल्यावर आत ब्लोहोल दिसला की फाउंड्री ओतीव बदलून देते, मशीनिंगचे पैसे बुडतात ते बुडतातच. आज ते कोण सोसतं यावर जॉबवर्कवाल्याशी वाद होतो. उद्या वाद संपेल आणि खर्च आपला असेल.

आकड्याबाहेरची भीती

तरीही काही मालक तोटा पत्करून मशीन घेतात. त्यांना भीती असते अडकण्याची. वाहनउद्योगाची मागणी चढली की जॉबवर्कवाल्याची मशीन तिकडे वळतात आणि पंपवाल्याचे नग मागे पडतात. ऐन हंगामात, पेरणीआधी, हाऊसिंग नाहीत म्हणून जोडणी थांबली तर १४ रुपयांचा हिशेब कोण विचारतो?

या भीतीचं अर्थशास्त्रात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये फिशर बॉडीशी मोटारींच्या सांगाड्यांसाठी दहा वर्षांचा करार केला आणि तिचे ६० टक्के शेअर घेतले. १९२६ मध्ये उरलेली कंपनीही विकत घेतली. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहिल्यावर तो कोंडी करतो, म्हणून खरेदी झाली, असं १९७८ च्या एका प्रसिद्ध शोधनिबंधात मांडलं गेलं. कंपन्या मुळात का अस्तित्वात येतात हा प्रश्न १९३७ मध्ये विचारणाऱ्या रोनाल्ड कोस यांनी मात्र २००० मध्ये ही कहाणी साफ नाकारली. त्यांच्या मते अशी कोंडी झालीच नव्हती.

आपल्या हाऊसिंगपुरता या वादातून निघणारा प्रश्न व्यवहाराचा आहे: पुरवठादार बदलायला किती दिवस लागतील? फिक्स्चर आणि गेज त्याच्या मालकीची असतील तर दोन-तीन महिने सहज. ती कारखान्याने स्वतः करून त्याच्याकडे ठेवली, ड्रॉइंग आणि प्रोसेस शीट आपल्या ताब्यात असली आणि वर्षाचे तीन-चार हजार नग दुसऱ्या जॉबवर्कवाल्याकडून करून घेतले, तर काही दिवसांत काम हलवता येतं. या तजविजीला दोन-तीन लाख लागतात. त्याच भीतीवर मशीन हा उपाय केला तर किंमत १० ते १४ लाख, आणि संख्या घसरली तर ३४. शिवाय घरच्या मशीनचा स्पिंडल गेला तरी जोडणी थांबतेच. अडकण्याची भीती खरी असली, तरी तिच्यासाठी किती मोजतो आहोत ते माहीत असावं.

उलट प्रकारही असतो. भाग असा असेल की त्याचं माप किंवा त्याची रीत हाच पंपाचा गाभा आहे, उदाहरणार्थ इंपेलरचा आकार, तर तो बाहेर दिल्याने जे गमावलं जाईल ते नगाच्या दरात दिसत नाही. बेअरिंग हाऊसिंग त्या जातीचं नाही. ते करणारे कोल्हापुरात भरपूर आहेत, आणि म्हणूनच त्याचा बाजारभाव आहे.

मग काय ठरावं?

या उदाहरणात आज मशीन घेऊ नये. पण ‘नको’ एवढंच लिहिलेली फाइल पुढच्या वर्षी नव्या कोटेशनसह पुन्हा उघडते आणि तोच वाद पहिल्यापासून होतो. म्हणून निर्णयाबरोबर त्याच्या अटीही लिहायच्या. सलग दोन तिमाहींत प्रत्येकी पाच हजारांहून जास्त नग लागले, म्हणजे वर्षाचा वेग २०,००० च्या पुढे गेला, तर हिशेब पुन्हा करायचा. दर १९४ च्या वर मागितला गेला तरीही. १९४ हा आकडा १८,००० नगांचा आणि आजच्या भावांचा आहे. मशीनची किंमत किंवा पगार हलले की तोही हलतो, म्हणून वर्षातून एकदा तो नव्याने काढायचा.

थांबण्यालाही किंमत असते आणि इथे ती आपल्या बाजूची आहे. मशीन पुढच्या वर्षी घेता येतं. एकदा घेतलेलं मशीन मात्र त्याच किमतीला परत देता येत नाही. मागणी वाढते की घसरते हे वर्षभरात कळणार असेल, तर त्या वर्षासाठी जॉबवर्कवाल्याला दिलेले काही रुपये जास्तीचे म्हणता येत नाहीत.

जॉबवर्कवाल्यालाही हाच हिशेब लागू आहे. त्याचं व्हीएमसी चार गिऱ्हाइकांच्या कामावर चालतं, म्हणून त्याला १८० परवडतात. पंपवाल्याने तीन वर्षं किमान १५,००० नगांची लेखी हमी आणि ४५ दिवसांत पैसे द्यायचं कबूल केलं, तर त्याच्या वर्तमान मूल्यातली अनिश्चितता कमी होते आणि तो १७२-१७४ ला तयार होऊ शकतो. दर १७३ झाला की पंपवाल्याचा समतोल १९,६०० वरून २०,५०० नगांवर सरकतो. या हमीत जोखीम आहेच, कारण मागणी १५,००० च्या खाली गेली तरी तेवढ्या नगांचे पैसे द्यावे लागतील. म्हणून मागच्या पाच वर्षांतली सगळ्यात कमी संख्या काढायची आणि हमी तिच्या वर द्यायची नाही. ती संख्या १३,००० निघाली तर हमी १३,००० चीच द्यावी, आणि दर ७ रुपयांऐवजी ४ रुपयांनी उतरला तर तो घ्यावा.